पुस्तक प्रकाशन, कोल्हापूर: वक्त्यांचा क्रम, वाचन, प्रश्न आणि सहीची रांग, तीन तासांत कसं बसवायचं?

राजारामपुरी_नववी

नमस्कार मंडळी. आत्याच्या पहिल्या कादंबरीचं प्रकाशन आहे आणि आयोजनाची माळ माझ्या गळ्यात पडली आहे. शनिवारची संध्याकाळ, दसरा चौकाजवळचं सभागृह. ताबा ५ ते ९, आणि नऊला दिवे बंद असं आत्ताच बजावलं आहे. साधारण १५० माणसं येतील. पुस्तक २१६ पानांचं, छापील किंमत ३२०, त्या दिवशी सवलतीत २५० ला देणार. मंचावर प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, प्रकाशक आणि आत्या.

पत्रिकेचा कच्चा क्रम असा धरलाय: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक, प्रकाशन, लेखिकेचं मनोगत, प्रकाशकांचे दोन शब्द, पाहुणे, अध्यक्ष, आभार, मग आत्याचं वाचन, प्रश्नोत्तरं आणि सह्या. सुरुवात ६ वाजता. बसेल का? आणि सह्यांसाठी किती वेळ धरायचा याचा मला काहीच अंदाज नाही.

सुलेखा_म

प्रकाशन करताय तर सगळ्यात आधी आयएसबीएन घ्या. राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा, पैसे पडत नाहीत. नंबर नसेल तर ग्रंथालयं आणि ऑनलाइन दुकानं अडून बसतात.

राजारामपुरी_नववी

धन्यवाद, पण पुस्तक छापून गठ्ठे घरी आलेत, नंबरही आहे. मी त्या संध्याकाळच्या सोहळ्याबद्दल विचारतोय.

जुना_निवेदक

तुमच्या क्रमात एक मोठी अडचण आहे. आभार झाले की आपल्याकडे लोक उठतात. निवेदकाने कितीही विनवलं तरी ‘आभार’ हा शब्द ऐकला की चपला शोधायला सुरुवात होते. म्हणजे वाचनाला निम्मा हॉल रिकामा, प्रश्नांना घरची वीस माणसं, आणि लेखिका थकलेली. ज्या बाईंसाठी सगळे जमलेत त्यांचा आवाज शेवटी, खुर्च्या सरकवण्याच्या आवाजात.

दुसरी अडचण अध्यक्षांची. अध्यक्षीय भाषणानंतर आभाराशिवाय कुणी बोलू नये हा संकेत आहे आणि जुनी मंडळी तो मनावर घेतात. त्यामुळे वाचन आणि प्रश्न अध्यक्षांच्या आधीच उरकायला हवेत. याचा एक फायदाही होतो. अध्यक्षांना उतारे आणि प्रश्न दोन्ही ऐकायला मिळतात, मग त्यांचं भाषण घरून लिहून आणल्यासारखं होत नाही.

मी असा क्रम लावेन: स्वागत आणि दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, प्रकाशन, प्रमुख पाहुणे, लेखिकेचं मनोगत, लगेच वाचन, लगेच प्रश्न, अध्यक्ष, आभार. प्रकाशकांचे ‘दोन शब्द’ वेगळे ठेवू नका, प्रास्ताविक त्यांनाच द्या. नाहीतर पुस्तकाची तीच ओळख प्रास्ताविकात, प्रकाशकांकडून आणि पाहुण्यांकडून अशी तीनदा होते. स्वागतगीत काढा. पेटी-तबला मांडून उचलण्यातच गाण्याइतका वेळ जातो.

पाहुणे मनोगताच्या आधी का, तर मनोगत, वाचन आणि प्रश्न हा सलग पाऊण तास लेखिकेचा असावा. त्या एकदा माईकपाशी आल्या की मधे कुणी नको.

तांबडापांढरा

काय ओ, एवढं कशाला. वक्ता लांबला की चिठ्ठी पाठवायची, ‘वेळ संपली’. आमच्याकडं सगळ्या कार्यक्रमाला असंच करतात.

जुना_निवेदक

चिठ्ठी पाठवावी, पण ती बाराव्या मिनिटाला पाठवून उपयोग नाही. वक्ता ती वाचतो, हसतो, ‘मला चिठ्ठी आली आहे’ म्हणून आणखी दोन मिनिटं त्यावर बोलतो आणि मग ‘जाता जाता एक आठवण’ सुरू होते. वेळ आवरायची ती फोनवर, चार दिवस आधी. ‘सर, आपण बारा मिनिटं बोलणार आहात, आपल्यानंतर लगेच लेखिका वाचणार आहेत’ असं आकड्यासकट सांगायचं. ‘थोडक्यात बोला’ याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. शिवाय पाहुण्यांना आपल्यानंतर काय आहे ते कळलं की ते स्वतःहून आवरतात.

आणि चिठ्ठी द्यायचीच असेल तर तीन मिनिटं शिल्लक असताना, त्यावर फक्त ‘३’ असा मोठा आकडा. ‘संपवा’ असं लिहिलेलं माणसाला लागतं, नुसता आकडा लागत नाही.

निशिगंधा_क

क्रमाबद्दल थोडा वेगळा विचार. मी मनोगत पाहुण्यांच्या आधी ठेवेन. नाहीतर पाहुणे पुस्तकावर बोलताना लेखिकेने जे सांगायचं तेच आधी सांगून टाकतात, आणि कादंबरी असेल तर शेवटही फोडतात.

जुना_निवेदक

शेवट फोडण्याची भीती खरी आहे, त्यासाठी फोनवरच विनंती करावी. पण मनोगत आधी घेतलं तर वाचन त्याच्यापासून तुटतं. लेखिका बसतात, पाहुणे बोलतात, पुन्हा लेखिका उठतात. काहीजण तसंही करतात आणि चालतं. मी करणार नाही.

पुस्तकपेटी

मी विक्रीच्या बाजूचा माणूस, म्हणून सहीबद्दल सांगतो. कारण नऊच्या आत हॉल रिकामा होणार की नाही हे तिथेच ठरतं.

हिशेब असा मांडा. काही तयारी नसेल तर एका प्रतीला दीड मिनिट सहज जातं. लेखिका नाव विचारते, ‘शोभा की शुभा’ होतं, पिशवीतून पुस्तक निघतं, प्लॅस्टिक फाडलं जातं, कोरं पान शोधलं जातं, मग सही, मग मोबाइल अनलॉक करून फोटो, ‘डोळे मिटले, अजून एक’. ९० प्रती गेल्या तर १३५ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास. तुमच्याकडे तेवढे नाहीतच.

हेच काम ४० सेकंदांत होतं, आणि त्यासाठी लेखिकेला घाई करावी लागत नाही. नव्वद प्रती म्हणजे बरोबर एक तास. वाचवायचे ते सहीच्या आधीचे आणि नंतरचे सेकंद. सहीची आणि दोन शब्द बोलण्याची वेळ अजिबात कापायची नाही, लोक त्यासाठीच थांबलेले असतात.

विक्रीचं टेबल दाराशी, कार्यक्रमाच्या आधी, सव्वापाचपासून सुरू करा. विक्री आणि सही एकाच टेबलावर कधीही नको, सुट्ट्या पैशांपायी सहीची रांग अडते. २५० ची किंमत चांगली आहे, पण पन्नासच्या निदान तीस नोटा गल्ल्यात ठेवा. क्यूआरचे दोन छापील फलक लावा, टेबलाच्या दोन टोकांना. आणि हॉलमध्ये आदल्या दिवशी जाऊन मोबाइलला रेंज आहे का बघा. जाड भिंतींच्या हॉलमध्ये ‘प्रोसेसिंग’ फिरत राहतं आणि मागे वीस माणसं उभी.

प्रत देतानाच विकणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या मुलीने एक चिठ्ठी लिहायची. चतकोर कागद, वर क्रमांक, खाली ज्याच्या नावे सही हवी त्याचं नाव ठळक अक्षरात. नाव गिऱ्हाईकालाच लिहायला सांगितलं तर उत्तम, कारण स्मिता ऱ्हस्व की दीर्घ हा तंटा त्याचा त्यालाच माहीत. प्लॅस्टिकचं वेष्टन तिथेच काढून टाका. चिठ्ठी शीर्षकपानावर ठेवायची, अर्धा इंच वर डोकावेल अशी. लेखिकेसमोर पुस्तक येतं तेव्हा स्वयंसेवक चिठ्ठीला धरूनच ते पान उघडतो.

राजारामपुरी_नववी

हे फारच उपयोगी. पण क्रमांक कशासाठी? रांग लागेलच ना?

पुस्तकपेटी

रांग लागू नये म्हणूनच क्रमांक. तासाभराच्या रांगेत सत्तरीची माणसं उभी राहणार का? क्रमांक असला की सगळे खुर्चीत बसून चहा घेतात आणि निवेदक माईकवरून ‘१ ते १५’, मग ‘१६ ते ३०’ असं बोलावतो. टेबलासमोर कधीच पंधरापेक्षा जास्त माणसं नसतात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला उभं राहायची सवय आहे आपल्याला, पण तिथे निदान शेवटी देवी आहे.

बोलावताना ठोक्याने बोलवा. रांगेत पाच उरले की पुढचे पंधरा. रांग पूर्ण संपायची वाट बघितली तर लोक खुर्चीतून उठून येईपर्यंत लेखिका रिकामी बसते, आणि त्या फटीत ओळखीचे घुसतात.

गडहिंग्लजकर

एक विनंती, गावाकडच्यांचा विचार करा. आम्हाला शेवटची एसटी बघावी लागते. क्रमांक ७० आला म्हणून साडेआठपर्यंत थांबलो तर मुक्कामच पडायचा. अशा माणसांचं काय?

पुस्तकपेटी

बरोबर मुद्दा. अशांच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात लाल खूण करा आणि क्रमांकाआधी त्यांनाच बोलवा. पण हे विक्रीच्या टेबलावर आधीच विचारायचं, ‘बाहेरगावचे आहात का?’. नंतर सवलत द्यायला लागलात की प्रत्येकाला एसटी असते.

मुक्तछंद

यापेक्षा सोपा उपाय. आदल्या रात्री लेखिकेने सगळ्या प्रतींवर सह्या करून ठेवायच्या. विकत घेतली की सही आयतीच. रांगच नाही.

पुस्तकपेटी

निम्मं बरोबर आहे. वीसेक प्रती आधी सही करून ठेवाव्यात, घाईत असलेल्यांना आणि जे येऊ शकले नाहीत त्यांना पाठवायला. पण सगळ्या नकोत, दोन कारणांनी. एक, लोकांना आपलं नाव लिहून हवं असतं, मग आधीच्या सहीच्या वर नाव घुसवावं लागतं आणि पेन वेगळं असलं तर ते जोडकाम लगेच दिसतं. दुसरं, उरलेल्या सहीच्या प्रती विक्रेत्याकडे परत देताना अडतात. काही दुकानदार घेतात, काही ‘लिहिलेलं पुस्तक’ म्हणून बाजूला काढतात. ते आधी विचारून घ्या.

मुक्तछंद

ठीक. मग माझं विचारतो. माझा कवितासंग्रह येतोय, ९६ पानी. वाचनात किती कविता घ्याव्यात? मला वाटतं पंधरा तरी हव्यात, नाहीतर संग्रहाचा आवाका कळणार नाही.

जुना_निवेदक

आवाका घरी वाचताना कळेल. सभागृहात सहा, फार तर सात. कवितेनंतर दोन श्वास शांतता लागते, तिच्याविना पुढची कविता आधीच्या कवितेवर आदळते. पंधरा घेतल्यात तर त्या शांतताच कापल्या जातील. प्रत्येक कवितेआधी ती कशी सुचली हे सांगू नका, सहांपैकी दोनदा पुरे.

मूळ प्रश्नाकडे. कादंबरीचं वाचन बारा मिनिटं. मोठ्याने, सावकाश वाचताना मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात, म्हणजे सगळं मिळून चौदाशेच्या आत. अंदाजावर जाऊ नका, घरी घड्याळ लावून उभ्याने वाचा. बसून, मनात वाचलेलं नेहमी कमी भरतं.

एक सलग बारा मिनिटांचा उतारा नको, दोन घ्या. पहिला लहान, चारेक मिनिटांचा, जिथे एकच माणूस आहे किंवा एखादी जागा उभी राहते. दुसरा आठ मिनिटांचा, प्रसंगाचा. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाच्या पुढचं निवडू नका, नाहीतर ‘ही सुमन म्हणजे त्याच्या मावशीची जाऊ’ हे समजावण्यात निम्मा वेळ जातो. चार-पाच पात्रांचा संवादही टाळा. कागदावर ‘तो म्हणाला’ डोळ्यांना दिसतं, कानाला कोण बोलतंय ते कळत नाही. संवाद असेल तर दोघांचाच, आणि एकाची बोली वेगळी असेल तर सोन्याहून पिवळं. थांबायचं ते प्रसंग सुटण्याच्या आधीच्या वाक्यावर. तिथे थांबलात तर पुस्तक विकलं जातं.

पुस्तकातून वाचू नका. नवं पुस्तक हाताने दाबून धरावं लागतं, पानं मिटतात, वरचा दिवा पानावर सावली पाडतो. उतारे १८ पॉइंटमध्ये एका बाजूला छापून घ्या, ओळींत मोकळी जागा ठेवून. पानाच्या तळाशी वाक्य तुटता कामा नये, परिच्छेद संपेल तिथेच पान संपवा. पुस्तक शेजारी उघडं ठेवावं, फोटोपुरतं.

साऊंड_उद्यमनगर

यात माझी भर. कागद स्टेपल करू नका. पान उलटलं की माईकमध्ये खर्रर्र येतं आणि शेवटच्या रांगेला ते भाषणापेक्षा मोठं ऐकू येतं. सुटी पानं, वाचलेलं पान डावीकडे नुसतं सरकवायचं.

माईक तोंडापासून चार बोटं, आणि अगदी समोर नको, थोडा बाजूला, हनुवटीच्या उंचीवर. समोर ठेवला की प, फ, भ ला ढप ढप होतं. वक्ते आले की माईकला टिचकी मारतात, ‘हॅलो हॅलो’ करतात, त्यावरून काही कळत नाही. सव्वापाचला लेखिकेला उभं करून खरा उतारा दोन मिनिटं वाचायला सांगा, आणि तुमच्यापैकी एकाने शेवटच्या रांगेत बसून ऐकायचं. हॉल रिकामा असतो तेव्हा आवाज घुमतो, माणसं भरली की तो दबतो, म्हणून किंचित वर ठेवायचा.

प्रश्नांसाठी एक कॉर्डलेस वेगळा, आणि त्याचे सेल नवीन. सेल उतरला की आवाज एकदम जात नाही, आधी तुटक येतो. तसं झालं की साऊंडवाल्याकडे बघायचं, माईकवर फुंकायचं नाही.

राजारामपुरी_नववी

प्रश्नोत्तरांबद्दल सांगा ना. आत्याला तीच सगळ्यात धाकधूक आहे. कुणी प्रश्नच विचारला नाही तर?

जुना_निवेदक

पहिला प्रश्न कुणालाच विचारायचा नसतो, सगळे दुसऱ्याची वाट बघतात. म्हणून पहिला निवेदकाने विचारायचा, आणि तो नुकत्याच वाचलेल्या उताऱ्यावरचा हवा. ‘लेखनाची प्रेरणा कोणती’ असा विचारलात की गाडी भाषणाच्या रुळावर जाते. ‘दुसऱ्या उताऱ्यात आजी विहिरीकडे बघत नाही, ते आधीपासून ठरलं होतं का?’ असा विचारा, मग लोकांना कळतं की इथे पुस्तकावर बोलायचंय.

प्रत्यक्षात उलटीच भीती जास्त, माणूस प्रश्नाऐवजी भाषण करतो. त्याला एकच इलाज, माईक त्याच्या हातात द्यायचा नाही. स्वयंसेवकाने स्वतः धरायचा आणि प्रश्न झाला की मागे घ्यायचा. हातात गेलेला माईक परत मिळत नाही.

सोळा मिनिटांत सहा प्रश्न होतात. शेवटचे दोन राहिले की जाहीर करायचं.

निशिगंधा_क

मला चिठ्ठ्या जास्त आवडतात. बायका आणि तरुण मुलं भरल्या हॉलमध्ये उठून विचारत नाहीत, पण चिठ्ठीवर नेमका प्रश्न लिहितात. वाचन चालू असतानाच कोरे कागद फिरवायचे.

जुना_निवेदक

वाचन चालू असताना कागद फिरवू नका, पेन शोधताना लक्ष उडतं. कोरी चिठ्ठी आधीच खुर्चीवर ठेवा. पण चिठ्ठ्यांतून निवड करणारा माणूस अवघड प्रश्न गाळतो अशी शंका लोकांना येते आणि ती बऱ्याचदा खरी असते.

निशिगंधा_क

म्हणून निम्मे चिठ्ठीवरचे, निम्मे माईकवरचे. यावर आपलं एकमत होणार नाही बहुतेक.

तांबडापांढरा

फेट्याचं कुणी बोललं नाही! कोल्हापुरात प्रकाशन आणि फेटा नाही म्हणजे काय. मंचावर चौघांना बांधायचा, एकदम रुबाब.

जुना_निवेदक

बांधा की. पण मंचावर नाही. एका फेट्याला तीन-चार मिनिटं धरली तर चौघांना पाव तास, आणि तेवढा वेळ प्रेक्षक बांधणाऱ्याची पाठ बघत बसतात. पाहुणे आले की आतल्या खोलीत बांधून मगच मंचावर आणा. आणि वाचनाला उभं राहताना आत्याबाईंना फेटा जड वाटणार असेल तर सत्कारानंतर काढून ठेवायला सांगा. खाली मान घालून तासभर सह्या करायच्या असतात, फेटा कपाळावर उतरतो.

प्रकाशनाच्या क्षणाबद्दलही एक सांगून ठेवतो, तिथे नेहमी फजिती होते. गिफ्टपेपरला सेलोटेप लावू नका. पाहुणे नखाने टेप खरवडत बसतात, फोटोवाला कॅमेरा खाली करतो, टाळ्या आधीच वाजून जातात. चार प्रती एकत्र, वर साटिनची रिबीन, एका टोकाला ओढली की सुटेल अशी सरकगाठ. ती गाठ घरी चारदा सोडून बघा. आणि मुखपृष्ठ प्रेक्षकांकडे, सुलटं येईल असं तबकात ठेवा. पुस्तक उलटं धरलेला फोटोच पेपरात छापून येतो.

दीपप्रज्वलनाचंही तसंच. वाती तेलात अर्धा तास आधी भिजवून ठेवा, टोकाला कापराची चिमूट. आणि समईवरचा पंखा बंद. पाचवी वात पेटेपर्यंत पहिली विझते हे दृश्य सगळ्यांनी पाहिलंय.

राजारामपुरी_नववी

सगळं धरून वेळ बसवली. बघा बरं:

५.१५ विक्री सुरू, चहा, माईकची तपासणी
६.१० स्वागत, दीपप्रज्वलन (६ मिनिटं)
६.१६ सत्कार (६)
६.२२ प्रास्ताविक, प्रकाशकांकडून (५)
६.२७ प्रकाशन (५)
६.३२ प्रमुख पाहुणे (१२)
६.४४ मनोगत (८)
६.५२ वाचन (१२)
७.०४ प्रश्न (१६)
७.२० अध्यक्ष (१२)
७.३२ आभार (३)
७.४० ते ८.४० सह्या

पत्रिकेत ६ छापलंय, पण दहा मिनिटं उशीर गृहीत धरला.

जुना_निवेदक

चांगलं आहे. चहा आधी ठेवलात हे फार बरं, सहाच्या कार्यक्रमाला लोक पावणेसहाला येण्याचं तेच एक कारण. उशीर झालाच, म्हणजे पाहुणे सव्वासहाला आले, तर काय कापायचं ते आत्ताच ठरवा. सत्कार तीन मिनिटांचा करा, शाल-नारळ एकदम द्या, प्रत्येकाचा परिचय वाचू नका. प्रश्न बारावर आणा. वाचनाला हात लावू नका.

त्या शनिवारी शाहू स्टेडियमवर मोठी मॅच नाही ना, ते बघून ठेवा. फायनल असली तर निम्मे तरुण तिकडे आणि उरलेले ट्रॅफिकमध्ये.

पुस्तकपेटी

सहीच्या टेबलाबद्दल राहिलं. टेबल मंचावर नको, पायऱ्या चढ-उतार होते. मंचाखाली एका कोपऱ्यात, भिंतीला पाठ करून, म्हणजे मागून कुणी डोकावत नाही. लोक लेखिकेच्या डाव्या हाताने येतील आणि उजव्या हाताने बाहेर पडतील. दोन स्वयंसेवक. डावीकडचा पान उघडून चिठ्ठी वर ठेवतो. उजवीकडचा सही वाळेपर्यंत पुस्तक उघडं धरतो, मग मिटून देतो. कादंबरीचा मॅपलिथो कागद शाई शोषतो, तिथे साधं बॉलपेन किंवा बारीक टोकाचं जेल चालतं. आर्टपेपर असेल तर जेल पसरतं आणि समोरच्या पानावर उमटतं, तिथे बॉलपेनच. एकाच शाईची चार पेनं ठेवा, टोपणं काढून.

फोटो टेबलावर नको. तीन पावलं पुढे, मुखपृष्ठाच्या फलकाशेजारी एक जागा ठरवा आणि दर पंधरा जणांनंतर आत्याबाईंनी दोन मिनिटं उठून तिथे यायचं. पंधराजणांचे फोटो एकदम होतात.

निशिगंधा_क

ते मला पटत नाही. सही करतानाचा फोटोच लोकांना हवा असतो, उभं राहून ग्रुप फोटो कोण जपून ठेवतं?

पुस्तकपेटी

मग तो रांगेतल्या मागच्या माणसाने काढायचा, सही चालू असतानाच, थांबून पोझ न देता. त्यासाठी डावीकडचा स्वयंसेवकच ‘मोबाइल मागच्यांकडे द्या’ असं सांगेल. चालेल, पण तो स्वयंसेवक खमक्या हवा.

राजारामपुरी_नववी

खमका म्हटल्यावर आमच्या घरात एकच नाव आहे, आत्याची धाकटी जाऊ. तिला आजच विचारतो. आत्या डावखुरी आहे हे मात्र मी सांगायचं विसरलो.

पुस्तकपेटी

मग दिशा उलटी करा. पुस्तकं तिच्या उजवीकडून येऊ द्या आणि डावीकडून जाऊ द्या, म्हणजे लिहिणाऱ्या हाताखालून पुढचं पुस्तक सरकवावं लागणार नाही. आणि जेल नकोच. डावखुऱ्या माणसाचा हात लिहिलेल्या ओळीवरून जातो, शाई ओली असली तर पुसते. बॉलपेन घ्या, घरी त्याच कागदावर दहा सह्या करून हात कुठे टेकतो ते बघा.